पहिल्या सहा षटकांचा आकडा

गेल्या हिवाळ्यात जालन्याच्या एका मैदानावर आंतरमहाविद्यालयीन वीस षटकांचे सामने चालू होते. या मैदानाच्या एका बाजूला शाळेची भिंत आहे आणि ती खेळपट्टीपासून जेमतेम ५५ मीटरवर येते. बाकी सगळीकडे सीमारेषा ६५ मीटरवर आखलेली होती. माझा एक विद्यार्थी धावतच आला आणि म्हणाला, "सर, इथे पहिल्या सहा षटकांचा आकडा दहाने तरी वाढवायला पाहिजे. भिंत केवढी जवळ आहे, बघा ना!"

मी त्याला म्हटले, "दहा कुठून आणलेस? मोजून दाखव."

त्याला ते जमले नाही. मग आम्ही दोघांनी बसून जो हिशेब केला, तो आज तुमच्यापुढे मांडतो. त्यासाठी दहावीपर्यंतचे गणित आणि थोडेसे भौतिकशास्त्र पुरते.

आधी 'आकडा' म्हणजे काय ते पाहू. वीस षटकांच्या सामन्यात पहिली सहा षटके पॉवरप्लेची असतात. या काळात ३० यार्डांच्या, म्हणजे सुमारे २७ मीटरच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक उभे करता येतात. या सहा षटकांत किती धावा होतील यावर सट्टेबाज लोक सामन्याआधी एक आकडा सांगतात. बाजारात त्याला 'सेशन' म्हणतात. आकडा असा निवडायचा असतो, की निम्म्या वेळा धावा त्याच्या वर जाव्यात आणि निम्म्या वेळा खाली राहाव्यात. महाराष्ट्रात सट्टा हा १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये बंदी घातली. आपल्याला त्यात पडायचे नाही. पण आकडा कसा बनतो हा प्रश्न मात्र संख्याशास्त्राचा आहे आणि मोठा मजेदार आहे.

सुरुवात पायाभूत सरासरीपासून करू. यापुढचे आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत. तुमच्या स्पर्धेतील धावफलकांवरून तुम्ही ते बदलून घ्या. समजा, या दर्जाच्या सामन्यांत, सगळीकडे ६५ मीटर सीमारेषा असलेल्या मैदानावर, पहिल्या सहा षटकांत सरासरी ४६ धावा होतात. त्यांतील दोन अवांतर आणि ४४ बॅटीतून. चेंडू ३६, म्हणजे दर चेंडूला १.२२ धावा. या ४४ मध्ये साधारण सहा चौकार, एक षटकार आणि बाकी एकेरी-दुहेरी धावा असतात. ही फोड लक्षात ठेवा, पुढे भिंतीच्या वेळी ती लागणार आहे.

आता सलामीची जोडी. समजा, एका सलामीवीराने या मोसमात पॉवरप्लेमध्ये १२० चेंडूंत १८० धावा केल्या आहेत, म्हणजे दर चेंडूला १.५. आमच्या विद्यार्थ्याने लगेच १.५ हाच आकडा धरला. इथे थांबायला हवे. एका चेंडूवर शून्यही मिळते आणि सहाही. हा चढउतार प्रमाण विचलनाच्या भाषेत सुमारे १.७ धावांचा असतो. १२० चेंडूंच्या सरासरीत तो १२० च्या वर्गमुळाने, म्हणजे जवळजवळ ११ ने भागला जातो आणि ०.१५ उरतो. आपल्या फलंदाजाची सरासरी इतरांपेक्षा ०.२८ ने जास्त आहे. हा फरक त्या ०.१५ च्या दुपटीलाही पोचत नाही. त्यात कसब किती आणि नशीब किती, हे १२० चेंडू सांगू शकत नाहीत.

म्हणून एक जुनी युक्ती वापरतात. त्या १२० खऱ्या चेंडूंत काही काल्पनिक चेंडू मिसळायचे आणि ते सर्वसाधारण गतीने खेळले असे मानायचे. किती मिसळायचे? खेळाडूंमधील खरा फरक जितका कमी, तितके जास्त. मी २४० घेतले. १८० धावांत २४० गुणिले १.२२ म्हणजे सुमारे २९३ मिळवा. एकूण ४७३ धावा, चेंडू ३६०. सरासरी आली १.३१. म्हणजे आपला तडाखेबंद फलंदाज दर चेंडूला ०.०९ धावच जास्त देतो. तो बाद न होता साधारण १७ चेंडू खेळला, तर दीड धाव वाढली. दुसरा सलामीवीर सर्वसाधारण आहे असे धरू, म्हणजे त्याच्यासाठी बदल नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. आपल्या जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये एकोणीस वर्षांखालील कूचबिहार करंडक स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या होत्या. पुढे २०१४ च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कर्णधार झाला. ती खेळी ऐकून कोणाचीही छाती फुगेल. पण आपल्या हिशेबाला तिचा उपयोग नाही. अनेक दिवसांच्या सामन्यातली मोठी खेळी आणि पहिल्या ३६ चेंडूंतली गती या दोन वेगळ्या राशी आहेत.

गोलंदाजांचा हिशेब याच पद्धतीने होतो, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. एवढेच पाहा, की प्रश्न 'संघाची गोलंदाजी कशी' हा नसून 'या सहा षटकांत चेंडू कोणाच्या हातात' हा आहे. समजा, समोर एक चांगला वेगवान गोलंदाज आहे आणि तीच मिसळण्याची युक्ती केल्यावर तो दर षटकामागे ०.८ धाव वाचवतो असे दिसते. कर्णधार त्याला सहापैकी तीन षटके देतो. घट झाली २.४ धावांची. कर्णधाराने त्याचे एक षटक शेवटासाठी राखले, तर हीच घट १.६ वर येते.

आता ती भिंत. चौकारांपासून सुरुवात करू, कारण विद्यार्थ्याची चूक तिथेच होती. पॉवरप्लेमध्ये बहुतेक क्षेत्ररक्षक २७ मीटरच्या आत असतात. जमिनीवरून मारलेला चेंडू त्यांच्यामधून एकदा निसटला, की पुढे अडवणारा सहसा कोणी नसतो. हिवाळा संपत आला की आमच्याकडची मैदाने गवताविना टणक होतात, चेंडू घरंगळत सहज ६५ मीटर जातो. मग सीमारेषा ५५ वर असली काय आणि ६५ वर असली काय, चौकार तो चौकारच. सहा चौकारांपैकी फारच थोडे भिंतीमुळे वाढतात.

फरक पडतो तो उंच फटक्यांत. हवा नसती तर चेंडूचा पल्ला वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असता. हवेच्या विरोधामुळे तो त्यापेक्षा सावकाश वाढतो. हिशेब केला तर ६५ ऐवजी ५५ मीटर जाण्यासाठी बॅटीवरून सुटतानाचा वेग सुमारे एक दशांशाने कमी असला तरी चालतो. म्हणजे थोडा चुकलेला फटकाही भिंतीपलीकडे जातो. पण असे फटके किती? पूर्वी सर्व दिशा मिळून सहा षटकांत एक षटकार होता. भिंतीची बाजू म्हणजे मैदानाचा साधारण चौथा हिस्सा, फलंदाज मुद्दाम तिकडे मारतील म्हणून थोडा जास्त धरू. ५५ ते ६५ मीटरच्या पट्ट्यात पडणारे त्या बाजूचे फटके सहा षटकांत सरासरी ०.६ धरले, तर मी उदारच झालो. शिवाय यांतल्या बऱ्याच फटक्यांवर पूर्वीही टप्पा पडून चौकार मिळत होता, तिथे फायदा दोनच धावांचा. काही फटके झेल होत किंवा एकेरीवर संपत, तिथे फायदा पाच-सहा धावांचा. सरासरी तीन धरा. ०.६ गुणिले ३ म्हणजे १.८. वाढीव चौकारांचे थोडे मिळवा आणि भिंतीजवळ क्षेत्ररक्षक उभा करून गोलंदाज दुसऱ्या बाजूला चेंडू टाकेल, त्याचे थोडे वजा करा. उत्तर दोन धावांच्या जवळच राहते. कुठे दहा आणि कुठे दोन!

बेरीज करू. ४६ मध्ये १.५ मिळवले, २.४ वजा केले, २ मिळवले. सरासरी आली सुमारे ४७.

मग आकडा ४७ ठेवायचा का? नाही. आकडा धावांना निम्म्यानिम्म्यात विभागणारा हवा, म्हणजे आपल्याला मध्यक हवा आहे, सरासरी नव्हे. धावा खाली शून्याच्या पलीकडे जाऊ शकत नाहीत, वर मात्र त्यांना बरीच मोकळीक आहे. २००९ मध्ये केपटाऊनला राजस्थान संघाने बंगळूरविरुद्ध पहिल्या सहा षटकांत १४ धावा केल्या होत्या. २० एप्रिल २०२४ ला दिल्लीत हेड आणि अभिषेक शर्मा या हैदराबादच्या जोडीने बिनबाद १२५ धावा कुटल्या. पन्नासाच्या आसपासच्या नेहमीच्या धावसंख्येपासून पहिली ३६ ने खाली आहे, दुसरी ७५ ने वर. असे मोजके मोठे आकडे सरासरीला वर ओढतात, मध्यकाला फारसे हलवत नाहीत. आपल्या उदाहरणात मध्यक एखाद्या धावेने खाली, म्हणजे ४६ वर येईल.

आता ३६ चेंडूंतला चढउतार पाहा. १.७ ला ३६ च्या वर्गमुळाने गुणले तर १० येतात. पण खेळपट्टी चांगली असली की सगळेच चेंडू चांगले खेळले जातात, म्हणजे चेंडू एकमेकांपासून अगदी स्वतंत्र नसतात. म्हणून प्रमाण विचलन १२ च्या घरात जाते. तेव्हा मध्यकाजवळची कोणतीही एक धावसंख्या, उदाहरणार्थ बरोबर ४६, येण्याची संभाव्यता सुमारे ३.३ टक्के ठरते.

सट्टेबाजाची कमाई नेमकी यातच दडलेली असते. तो एक आकडा सांगत नाही, '४६-४७' अशी जोडी सांगतो. 'होणार' म्हणणाऱ्याला ४७ किंवा जास्त धावा व्हाव्या लागतात, 'नाही होणार' म्हणणाऱ्याला ४६ पेक्षा कमी. बरोबर ४६ झाल्या तर दोघेही हरतात! म्हणून प्रत्येकाची जिंकण्याची संभाव्यता ५० नसून ४८.३ टक्के आहे. शंभराला शंभर या भावाने प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी सुमारे तीन रुपये तीस पैसे सट्टेबाजाकडे जातात.

विद्यार्थी हुशार. तो म्हणाला, "सर, म्हणजे त्याचा आकडा अर्ध्या धावेपेक्षा जास्त चुकलेला मला कळला, तर मी पुढे!" अगदी बरोबर. अर्धी धाव म्हणजे साधारण १.७ टक्के, तेवढ्याने तूट भरून निघते. पण आपली ४६ ही पायाभूत सरासरी किती पक्की आहे? स्पर्धेतील ६० डावांवरून ती काढली असेल, तर तिच्यातील त्रुटी १२ भागिले ६० चे वर्गमूळ, म्हणजे दीड धाव. ती अर्ध्या धावेवर आणायला २४ चा वर्ग, म्हणजे ५७६ डाव लागतील. तोपर्यंत खेळाडू आणि खेळपट्ट्या बदललेल्या असतात. अर्धी धाव पकडायची आणि मोजपट्टीच दीड धावेने हलते, अशी ही स्थिती आहे.

आणखी एक खोच राहिली. त्या सलामीवीराचे १२० चेंडू याच भिंतीच्या मैदानावरचे असतील, तर भिंतीचा फायदा त्याच्या १.५ मध्ये आधीच शिरला आहे. वर पुन्हा दोन धावा मिळवल्या तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. धावफलकावर मैदानाचे नाव लिहून ठेवले नसेल, तर ही चूक कधीच सापडत नाही.

तुम्हाला करून पाहायचे असेल तर वही घ्या. प्रत्येक डावाआधी आकडा लिहा आणि नंतर धावा त्याच्या वर गेल्या की खाली राहिल्या तेवढेच नोंदवा. चाळीस डावांत सुमारे वीस वर यायला हवेत. चौदापासून सव्वीसपर्यंत काहीही आले तरी ते योगायोगात बसते. त्यापलीकडे गेले, तर पायाभूत सरासरी आणि दुहेरी मोजणी या दोन जागा आधी तपासा.