वहीतला खर्च जास्त का दिसतो?

प्रश्न: महिन्याच्या हिशेबात खर्च ७२,००० रुपये येतो, पण बँक आणि रोख मिळून ६५,०००च गेले. यादीत किराणा, पेट्रोल आणि ७,००० रुपयांचे क्रेडिट कार्डाचे बिलही आहे. चूक कुठे असेल?

उत्तर: फरक नेमका बिलाएवढा आहे, म्हणून पहिला संशय त्याच ओळीवर घ्यावा. किराणा ४,००० आणि पेट्रोल ३,००० कार्डावर घेतले असेल, तर ते आपापल्या सदरात आधीच धरलेले आहे. बिल भरणे म्हणजे नवा खर्च नव्हे, जुनी उधारी फेडणे. ती ओळ बेरजेतून काढा. बिल मागच्या महिन्याच्या खरेदीचे असेल तर? तरीही खर्च खरेदीच्या तारखेलाच धरावा. मात्र ताळा करताना शिल्लक रकमेतून कार्डाची थकबाकी वजा करावी.

एकूण जुळले म्हणजे सगळे बरोबर, असेही नाही. औषधे चुकून किराण्यात गेली, तर दोन्ही उपबेरजा चुकतात, एकूण मात्र तेच राहते. म्हणून प्रत्येक सदरातल्या मोठ्या नोंदी पावतीशी ताडून पाहा. एक्सेलमध्ये उपबेरजांसाठी आणि एकूण बेरजेसाठीही `SUM`ऐवजी `SUBTOTAL(9, …)` वापरा. त्यामुळे उपबेरजा एकूण बेरजेत पुन्हा मिळवल्या जात नाहीत.