एकाच झाडावर पाच पक्षी?

प्रश्न : राजमाचीच्या वाटेवर ‘मर्लिन’ ॲपने दोन मिनिटांत शिक्रा, बुलबुल, कोतवाल अशी पाच नावं दाखवली. झाडावर तर एकही दिसला नाही. ॲप चुकलं का?

उत्तर : ॲपवर लगेच ठपका ठेवू नका. आवाज एकाच फांदीच्या आसपासून, एकामागून एक येत होते का? दोन आवाज एकदाही एकमेकांवर चढले नाहीत? मग बहुधा तो हरेवा असावा. पानांत मिसळून जाणारा हा हिरवा पक्षी पट्टीचा नकलाकार आहे. ॲप आवाजाचं चित्र जुळवतं. नक्कल चांगली असली की नाव मूळ पक्ष्याचंच येतं. भृंगराजही हाच खेळ करतो.

अशा वेळी रेकॉर्डिंग चालू ठेवून दुर्बिणीने तीच फांदी पाहत राहा. फोटो मिळाला तर पक्षी चौकटीत मोठा येईल असा कापा आणि ॲपमध्ये ठिकाण, तारीख नीट भरा. मात्र पानांआडचा नुसता हिरवा ठिपका टाकलात, तर तिथेही भलतंच नाव येईल. पक्षी दिसेपर्यंत ‘ई-बर्ड’च्या यादीत शिक्रा लिहू नका.

आणि भारताचा पक्षी-संच घरीच उतरवून घ्या. घाटात रेंजचा भरवसा नाही.