तिसाव्या सेकंदाला उठून गेलेली माणसं

हे बघ, व्ह्यूज किती झाले ते तू दिवसभर पाहत बसतेस, पण त्या आकड्यावरून पुढचा व्हिडिओ कसा करायचा ते कळत नाही. ते कळतं त्या खालच्या आलेखावरून. यूट्यूब स्टुडिओत आपला व्हिडिओ उघड, Analytics मध्ये जा, तिथे Key moments for audience retention असं दिसेल. आडवी आहे व्हिडिओची वेळ आणि उभी आहे टक्केवारी, म्हणजे त्या क्षणाला शंभरातले किती जण पाहत होते ते. व्हिडिओ टाकल्यावर ही रेष यायला एक-दोन दिवस लागतात, तेवढं थांब.

आता तुझा सोयाबीनच्या उगवण चाचणीचा व्हिडिओच घेऊ, तो आठ मिनिटांचा. आपल्या परभणीत मृगाच्या तोंडावर घरचं बियाणं तपासायची घाई सगळ्यांनाच असते, त्यामुळे विषय अगदी नेमका होता. तरी तिसाव्या सेकंदाला ४८ टक्केच उरलेत. सुरुवातीला थोडी गळती सगळ्यांचीच होते, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पण त्या तीस सेकंदांत तू काय दाखवलंस? चॅनेलचं नाव, संगीत, नमस्कार, सबस्क्राईब करा, मग शेताचा लांबून घेतलेला देखावा. बियाण्याचा एक दाणासुद्धा दिसला नाही. जिंतूरकडचा शेतकरी थंबनेलवर मोड आलेले दाणे बघून आला होता, ते दिसेनात म्हणून गेला.

पुढे दुसऱ्या मिनिटाला रेष खाली जाते आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा वर येते. हा खड्डा नीट वाच. रेष पडली ती पडलीच, तर माणसं निघून गेली. पडून परत चढली, तर तेवढा भाग पुढे सरकवून त्यांनी व्हिडिओ पाहिलाच आहे. तिथे तू मागच्या वर्षी पेरणी कशी फसली ते सांगत होतीस. गोष्ट खरी होती, पण लोकांना ओल्या गोणपाटावर दाणे कसे मांडायचे ते हवं होतं. असा खड्डा दिसला की रेष जिथून उतरू लागली त्याच्या आधीची पंधरा-वीस सेकंदं आवाज मोठा करून ऐक. कंटाळा तिथेच सुरू झालेला असतो, बोट नंतर हलतं.

चौथ्या मिनिटाला उंचवटा आहे, तिथे फार हुरळून जाऊ नकोस. उंचवटा म्हणजे लोकांनी मागे जाऊन तो भाग पुन्हा पाहिला. आवडलं म्हणूनही पाहतात, कळलं नाही म्हणूनही. तू तिथे शंभर दाण्यांपैकी किती उगवले ते मोजलंस आणि सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणं, कमी उगवले तर प्रमाण वाढवायचं, हे एका दमात सांगून टाकलंस. लोक आकडा लिहून घ्यायला मागे गेले असणार. पुढच्या वेळी असा आकडा पाटीवर लिही आणि पाच सेकंद कॅमेऱ्यासमोर धर.

शेवटी 'तर मंडळी, अशा प्रकारे' म्हणालीस आणि रेष सरळ खाली. संपलं हे ऐकताच माणूस उठतो. बुरशीनाशकाची महत्त्वाची सूचना तू त्या शब्दांनंतर दिलीस, ती फार थोड्यांनी ऐकली.

एक जपायचं. चाळीसच व्ह्यूज असतील तर एक माणूस म्हणजे अडीच टक्के, तेव्हा बारीक चढउतारांवरून काही ठरवू नकोस. गावच्या ग्रुपवरून आलेले आपले लोक प्रेमापोटी शेवटपर्यंत पाहतात, म्हणून नवीन प्रेक्षक आणि परत येणारे यांच्या रेषा वेगळ्या करून बघ, तशी सोय आहे. आणि आठ मिनिटांच्या व्हिडिओची तुलना दोन मिनिटांच्याशी करू नकोस. छोटा व्हिडिओ टक्केवारीत पुढेच दिसतो.

बीजप्रक्रियेचा व्हिडिओ करशील तेव्हा थेट हातापासून सुरू कर. सोयाबीनचं साल पातळ, जोरात चोळलं तर निघतं आणि उगवण घटते, हे पहिल्या वाक्यात सांग आणि त्याच वेळी साल निघालेला दाणा जवळून दाखव. मग आधी बुरशीनाशक, नंतर जिवाणू संवर्धक, बियाणं सावलीत सुकवायचं, हा क्रम. तुझी ओळख सांगायचीच असेल तर काम सुरू झाल्यावर एका ओळीत सांग. बाकी सगळं आहे तसं ठेव, म्हणजे तिसाव्या सेकंदाचा आकडा ४८ वरून वर गेला तर तो नव्या सुरुवातीमुळे गेला असं म्हणता येईल.

आणि हे मृगाच्या आधी टाक गं. पेरणी उरकल्यावर बीजप्रक्रिया कुणी शोधत नाही.