मोटार फिरते, पाणी का येत नाही?

आमच्या शेजारचे आबा सकाळीच आले. म्हणाले, "गुरुजी, मोटार फिरतेय, पण पाण्याचा थेंब नाही. जळाली की काय?"

जळलेली मोटार फिरेल कशी? मी म्हटले, "आधी बटण बंद करा." पंप कोरडा फिरला तर आतला सील जळतो.

आबांचा पंप विहिरीच्या काठावर आहे. पंपातला पंखा पाणी फेकतो. हवा त्याला ओढता येत नाही. म्हणून पंप व विहिरीतला पाइप पाण्याने गच्च भरलेले हवेत. ते पाणी धरून ठेवतो पाइपाच्या तळाचा फुटवॉल. त्याची झडप पाणी वर येऊ देते, खाली जाऊ देत नाही.

आम्ही पंपावरचे बूच काढून पाणी ओतले. बुडबुडे आले. ती अडकलेली हवा. तीन बादल्या ओतल्या, तरी पाणी तोंडाशी टिकेना. वरचे सांधे तर कोरडे होते. म्हणजे फुटवॉल गळत होता.

पाइप वर काढला. झडपेत बोटभर काडी अडकली होती! काडी काढली, जाळी धुतली. पाइप परत सोडला. फुटवॉल पाण्यात दोन हात बुडाला, पण गाळात टेकू दिला नाही.

पुन्हा पाणी भरले. या वेळी ते टिकले. बुडबुडे थांबल्यावर बूच आवळले आणि बटण दाबले. पाट वाहू लागला.

आबांनी विचारले, "उन्हाळ्यात असेच करायचे ना?" मी म्हटले, "पाणी पंपाच्या खाली २५ फुटांहून खोल गेले, तर कितीही बादल्या ओता, ते चढणार नाही. तेव्हा पंपच खाली उतरवावा लागेल."