कंपाउंड आणि कुव्हर्चर : टेम्परिंग कोणाला लागतं?

बिस्किटं चॉकलेटमध्ये बुडवण्याचा उपक्रम मुलांचा आवडता. एकदा मी हौसेने कंपाउंडऐवजी महागडं कुव्हर्चर आणलं, नेहमीसारखं वितळवलं आणि बिस्किटं बुडवली. दुसऱ्या दिवशी त्यांवर पांढुरके पट्टे! एका आईने विचारलंही, "बाई, बुरशी आली का हो?"

ती बुरशी नव्हती, कोको बटर होतं. ते खायला चालतं, पण का आलं हे समजून घेऊ.

आधी पाकिटामागची घटकांची यादी वाचा. कुव्हर्चरमध्ये स्निग्ध पदार्थ म्हणजे कोको बटर. कंपाउंडमध्ये कोको पावडर असते, पण कोको बटरऐवजी पाम कर्नलसारखं वनस्पती तेल घातलेलं असतं. हे तेल थंड होताना आपोआप एकाच टिकाऊ रचनेत घट्ट होतं. म्हणून कंपाउंड वितळवा, बुडवा, झालं.

कोको बटर मात्र सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं. त्यातला पाचवा प्रकारच आपल्याला हवा. तो साधारण ३४ अंशांना वितळतो, चकाकतो आणि मोडताना 'टक्' वाजतो. खालचे प्रकार २८ अंशांच्या आतच वितळतात. ते हळूहळू रचना बदलतात तेव्हा चरबी वर येते, तेच पांढरे पट्टे. हवे तेच स्फटिक तयार करून घेणं म्हणजे टेम्परिंग.

३०० ग्रॅम डार्क कुव्हर्चर घ्या. त्यातलं २०० ग्रॅम गरम पाण्यावरच्या भांड्यात ४५ अंशांपर्यंत वितळवा. पाण्याचा थेंबही आत जाऊ देऊ नका, नाहीतर चॉकलेट घट्ट गोळा होतं. खाली उतरवून उरलेलं १०० ग्रॅम बारीक चिरून थोडं थोडं घाला आणि ३१-३२ अंश येईपर्यंत ढवळत राहा. दह्याच्या विरजणासारखंच हे! तुकड्यांतले चांगले स्फटिक सगळ्याला वळण लावतात. या तापमानाला खालचे प्रकार टिकत नाहीत, पाचवा टिकतो. ३४ च्या वर गेलं तर विरजण मेलं, पुन्हा सुरुवात.

बुडवण्याआधी चमच्याचं टोक बुडवून बाजूला ठेवा. गार खोलीत पाचेक मिनिटांत चकचकीत घट्ट झालं तर जमलं. चिकट किंवा पट्टेदार राहिलं तर अजून तुकडे घालून ढवळा.

केक किंवा ब्राउनीच्या पिठात मात्र कुव्हर्चरलाही टेम्परिंग नको, कारण ओव्हनमध्ये सगळे स्फटिक वितळणारच. आणि उरलेलं कंपाउंड कुव्हर्चरमध्ये मिसळू नका. दोन्ही चरबी एकमेकींशी जुळत नाहीत. चॉकलेट मऊ राहतं, पट्टेही येतात.

आमची ती बिस्किटं मुलांनी संपवलीच. यंदा मे महिन्यात, ३५ अंशांच्या वर्गात, मी कंपाउंडच वापरलं. कुव्हर्चर डिसेंबरसाठी ठेवलंय.