दिवाणी तुरुंग आणि निर्णीत ऋणको

पैशाच्या वसुलीचा हुकूमनामा मिळाल्यावरही रक्कम वसूल करण्यासाठी दिवाणी न्यायालयात दरखास्त दाखल करावी लागते. मालमत्तेच्या जप्तीबरोबरच निर्णीत ऋणकोस, म्हणजे ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला त्यास, अटक करवून दिवाणी तुरुंगात ठेवण्याचा मार्ग दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये आहे. ‘पैसे दे, नाहीतर तुरुंगात जा’ अशी धमकी खेड्यापाड्यांतून सर्रास दिली जाते. परंतु कायदा इतका सरळ नाही.

समजा, एका बियाणे विक्रेत्याजवळ शेतकऱ्याविरुद्ध साठ हजार रुपयांचा हुकूमनामा आहे. त्याने अटकेची मागणी केली, तरी न्यायालय सामान्यतः प्रथम ‘कारण दाखवा’ नोटीस काढते; ऋणको पळून जाण्याचा संभव शपथपत्रावरून दिसला, तरच नोटिशीवाचून वॉरंट निघते. त्यानंतर चौकशीत ऋणकोपाशी ऐपत असूनही तो पैसे देत नाही, किंवा दावा दाखल झाल्यावर त्याने अप्रामाणिकपणे मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली, यांसारखे एखादे कारण सिद्ध व्हावे लागते. या शेतकऱ्याजवळ राहते घर, बैलजोडी व औजारे एवढेच असेल, तर ती ऐपतीत धरता येत नाहीत, कारण शेतकऱ्याच्या या वस्तूंना जप्तीपासून संरक्षण आहे. मात्र दाव्यानंतर वसुली टाळण्यासाठी त्याने जमीन मेहुण्याला फुकट लिहून दिली असेल, तर अटकेस आधार मिळतो.

ऐपतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. हुकूमनाम्यानंतर शेतकऱ्याच्या हाती उसाचे पैसे आले. पण ते घरातील आजारपणात संपले, तर काय? केवळ शब्दार्थ पाहिला, तर ‘कधीकाळी ऐपत होती’ एवढे पुरेसे ठरावे. परंतु जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या १९८० च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाचा आधार घेऊन सांगितले की, नुसती थकबाकी पुरेशी नाही. त्यामागे दुष्ट हेतू हवा, आणि ऋणकोच्या इतर निकडीच्या गरजाही पाहिल्या पाहिजेत. वर्गीस यांच्या स्थावर मालमत्ता जप्त झालेल्या असतानाच अटकेचे वॉरंट निघाले होते. सर्वोच्च न्यायालयाने ऐपतीची नव्याने चौकशी करण्यास प्रकरण परत पाठविले.

प्रत्यक्ष अटकेलाही मर्यादा आहेत. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीस अटक करता येत नाही. बेलिफास सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही. ऋणकोने हुकूमनाम्याची रक्कम व अटकेचा खर्च भरला, तर त्यास तात्काळ सोडावे लागते. दोन हजार रुपयांपर्यंतच्या हुकूमनाम्यासाठी तुरुंग नाही. पाच हजारांपर्यंत सहा आठवडे आणि त्याहून अधिक रकमेसाठी तीन महिने, ही कमाल मुदत होय. या काळातील निर्वाहभत्ता हुकूमनामाधारकाने भरावयाचा असतो, आणि तो थांबला तर ऋणको सुटतो.

सुटकेने कर्ज मात्र फिटत नाही. मालमत्तेवरील वसुली पुढे चालू राहते. परंतु त्याच हुकूमनाम्यासाठी त्या ऋणकोस पुन्हा अटक करता येत नाही.