तळाचा स्वर आणि गाण्याचा विसावा

काही वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनात आमच्या मुलांनी एक समूहगीत सादर केले. सा पांढरी एकचा होता. अंतरा संपताना मुले गंधारावर थांबत आणि की-बोर्डवर सा-ग-प हा कॉर्ड वाजे. शेवटचे कडवे अद्याप बाकी होते. परंतु त्या थांब्यावर गाणे संपले असे समजून सभागृहात टाळ्या सुरू झाल्या आणि त्या गोंधळात कडव्याचा उठाव हरवला. पुढच्या वर्षी तेच गीत घेताना आम्ही चाल, शब्द व कॉर्ड काहीही बदलले नाही. थांब्याच्या जागी डाव्या हाताचा तळाचा स्वर तेवढा ‘सा’ऐवजी ‘ग’ केला. श्रोते शेवटपर्यंत शांत राहिले. या एका स्वराने नेमके काय केले, हे येथे पाहू.

सा, ग आणि प हे तीन स्वर एकत्र वाजले की तो ‘सी मेजर’ कॉर्ड होतो. तळाशी सा असला की ती त्याची मूळ स्थिती. तळाशी ग आला की पहिला उलटा आणि प आला की दुसरा उलटा. कॉर्डच्या वहीत हे ‘सी/ई’ आणि ‘सी/जी’ असे लिहितात. तिरप्या रेघेच्या आधी कॉर्ड आणि नंतर तळाचा स्वर, असे ते वाचावे. फ्रेंच संगीतकार रामो याने 1722 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही तिन्ही रूपे एकाच कॉर्डची आहेत, अशी मांडणी केली. कुळ एक असले, तरी कानाला ती सारखी वाटत नाहीत.

त्याचे कारण नादात आहे. कोणताही स्वर एकटा वाजत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे सूक्ष्म स्वर त्याच्यासोबत उमटतात. तळाचा सा सेकंदाला सुमारे 131 कंपनांचा धरला, तर त्याची तिप्पट 393 म्हणजे वरचा पंचम, आणि पाचपट म्हणजे जवळजवळ वरचा गंधार. म्हणजे तळाचा सा आपल्या पोटातूनच ग व प यांना दुजोरा देतो. म्हणून विसावा वाटतो. तळाशी सुमारे 165 कंपनांचा ग ठेवला, तर त्याची तिप्पट 495 म्हणजे निषाद. तो 523 कंपनांच्या वरच्या षड्जाला अगदी लगटून असल्याने किंचित घर्षण होते. कॉर्ड ओळखीचा राहतो, पण पाय टेकत नाहीत. आमच्या थांब्याला हेच हवे होते.

दुसरा उपयोग चालण्याचा आहे. सा-ग-प, प-नी-रे, ध-सा-ग, पुन्हा ध-सा-ग आणि म-ध-सा हे पाच कॉर्ड मूळ स्थितीत वाजवले, तर तळ ‘सा’वरून थेट मंद्र ‘प’वर उडी घेतो, मग ‘ध’वर चढतो, तेथे थांबतो आणि ‘म’वर उतरतो. आता कॉर्ड तेच ठेवून तळाला क्रमाने सा, मंद्र नी, ध, प, म वाजवावे. जिना उतरल्यासारखी एक सलग रेषा ऐकू येते. यातील चौथ्या जागी ध-सा-ग या कॉर्डखाली प आहे. तो त्या कॉर्डचा घटक नाही. म्हणून तो उलटा कॉर्ड नव्हे, केवळ तिरप्या रेघेचा कॉर्ड होय. तेथे येणारा ताण पुढच्या ‘म’वर मोकळा होतो. दुसऱ्या जागी मात्र एक काळजी घ्यावी: नी तळाला असताना उजव्या हाताने तो पुन्हा घेऊ नये. प आणि रे पुरतात, नाहीतर निषाद बोचतो.

आपल्या पेटीला येथे मर्यादा आहे. डावा हात भात्यावर असल्याने तळ आणि कॉर्ड दोन्ही उजव्या हातालाच सांभाळावे लागतात. सा-ग-प, ग-प-सा, प-सा-ग असे बोटांनी फिरवून फरक ऐकता येतो, पण खोल तळ हवा असेल तर दुसरा वादक लागतो.

आणि दुसरा वादक आला की खरी चूक संभवते. तळ ठरतो तो संपूर्ण मेळातील सर्वांत खालच्या स्वराने. की-बोर्डवाल्याच्या डाव्या हाताने नव्हे. की-बोर्डवर ग असताना बेस गिटारवाल्याने सवयीने खाली सा वाजवला, तर उलटा कॉर्ड उरतच नाही. श्रोत्यांना मूळ स्थितीच ऐकू येते. पेटीचा खालचा सूर खेचून सतत चालू ठेवला, तरी तेच घडते. म्हणून आमच्या तालमीत आता मुले तळाचे स्वर वेगळ्या ओळीत लिहून दोघा वादकांसमोर ठेवतात आणि प्रथम केवळ ती ओळ वाजवून पाहतात. ती एकटी गुणगुणता आली, तरच तिच्यावर कॉर्ड चढवतात.